नोकरी सोडलेल्या मुलाने टाकलेल्या पोस्ट पुसल्या, सकाळी परत हजर. काय करू?

आगळवाली | मंगळवार, रात्री 9:52

आमचा कुडाळजवळ छोटा कारखाना आहे. कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, थोडी लोणची. मी, भाऊ आणि सात बायका. फेसबुक पेज तीन वर्षांपासून आहे आणि निम्म्या ऑर्डरी तिथूनच येतात. पेज बघायला एक मुलगा ठेवला होता. गेल्या शनिवारी तो सोडून गेला. थोडं बिनसूनच गेला, ते पुढे सांगते.

जाताना त्याने पेजवर दोन पोस्ट टाकल्या. एक पगारावरून टोमणा, नाव न घेता पण गावाला कळेल असा. दुसरी 'स्टॉक क्लिअरन्स, निम्म्या दरात' आणि खाली त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर. मागे जाऊन बघितलं तर चाळीसेक जुन्या पोस्टमध्येही त्याचाच नंबर आहे. तेव्हा तो ऑर्डर घ्यायचा, त्यामुळे कोणाला खटकलं नाही.

रविवारी मी त्या दोन्ही पोस्ट डिलीट केल्या. सोमवारी सकाळी दोन्ही जागेवर. परत पुसल्या, आज सकाळी परत. हे फेसबुकचं काही बिघडलंय का? चाळीस पोस्ट एकदम पुसायचा काही उपाय आहे का? रोज सकाळी उठून हेच करत बसले तर आगळ कोण गाळणार?

भाऊसाहेब_पुणे | मंगळवार, रात्री 10:10

सोपं आहे. पेजचा पासवर्ड बदला. पोस्ट आपोआप थांबतील. आमच्या ऑफिसात माणूस गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलतात.

खिळेठोक | मंगळवार, रात्री 10:31

भाऊसाहेब, फेसबुक पेजला पासवर्डच नसतो. प्रत्येक जण स्वतःच्या खात्यातून आत येतो आणि त्याला पेजचे अधिकार दिलेले असतात. ताईंनी स्वतःचा पासवर्ड दहा वेळा बदलला तरी त्या मुलाचं काही अडत नाही. इन्स्टाग्राम असेल तर तुमचं म्हणणं लागू पडतं.

ताई, एक प्रश्न. परत आलेल्या पोस्टवर तारीख शनिवारचीच आहे का? आणि आधीचे लाइक, कमेंट आहेत की कोरी पोस्ट आहे?

आगळवाली | मंगळवार, रात्री 10:38

शनिवारचीच. मावसबहिणीची 'काय गं हे?' ही कमेंटसुद्धा तशीच आहे.

खिळेठोक | मंगळवार, रात्री 11:05

मग बिघाड नाही. तो रीस्टोअर करतोय. नव्याने टाकली असती तर तारीख नवी आली असती आणि कमेंट गेल्या असत्या.

पेजवरची पोस्ट तुम्ही काढता तेव्हा ती लगेच नष्ट होत नाही, `Trash` मध्ये जाते आणि 30 दिवस तिथे पडून राहते. त्या 30 दिवसांत पेजचे अधिकार असलेला कोणीही अॅक्टिव्हिटी लॉगमध्ये जाऊन ती परत लावू शकतो. तुम्ही केरात टाकताय, तो केराच्या डब्यातून काढून दारात मांडतोय. दाराची किल्ली त्याच्याकडे असेपर्यंत हे चालूच राहणार. म्हणून आज पोस्टला हात लावू नका. आधी किल्ली काढून घ्या.

घाई का करू नका तेही सांगतो. पोस्ट पुसली की त्याला कळतं की तुम्ही जाग्या झालात. त्याला `Full control` असेल तर तो जसा पोस्ट परत लावू शकतो, तसा तुम्हालाच पेजवरून काढू शकतो. दोघांना पूर्ण अधिकार असले तर मालक कोण आणि नोकर कोण हे फेसबुकला माहीत नसतं. जो आधी बटण दाबेल तो राहतो. त्याने अजून तसं केलं नाही, म्हणजे एक तर त्याला सुचलं नाही किंवा त्याला फक्त चिडवायचंय. दोनदा पुसून तुम्ही त्याला दोनदा इशारा दिलाय, तिसरा देऊ नका.

उद्या संगणकावर बसा, मोबाइलवर नको. आधी तुमच्या स्वतःच्या फेसबुक खात्याचा पासवर्ड आठवतोय का ते पाहा. हसू नका. अधिकार काढताना फेसबुक पासवर्ड विचारतं, आणि वर्षानुवर्षं फोनवर लॉगिन राहिलेल्या माणसाला नेमका तेव्हाच तो आठवत नाही. आठवत नसेल तर आधी तो बदलून घ्या.

मग पेजवर स्विच करून सेटिंग्जमध्ये `Page access` उघडा. तिथे कोणाकोणाची नावं आहेत आणि तुमच्यापुढे `Full control` लिहिलंय की `Partial control`, ते इथे सांगा. नावं नकोत, 'मी, भाऊ, मुलगा' एवढं पुरे. पार्शल असेल तर तुम्हाला कोणालाच काढता येणार नाही आणि मग गोष्ट वेगळी होईल.

डोंबोलीकर_काकू | बुधवार, सकाळी 7:20

आमच्या सोसायटीतही अगदी हेच झालंय. माजी सेक्रेटरींनी ग्रुपवर वाटेल ते लिहिलं, आम्ही त्यांना ग्रुपमधून काढलं, तरी त्यांचे मेसेज तसेच दिसतात. ते कसे काढायचे?

खिळेठोक | बुधवार, सकाळी 8:02

काकू, ते व्हॉट्सअॅप आहे, हे फेसबुक पेज आहे. तुमच्या ग्रुपच्या अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्या मेसेजवर बोट दाबून धरा. फार जुना झाला असेल तर नाही जमणार.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मात्र कामाची आहे. माणूस काढला म्हणून त्याने लिहिलेलं जात नाही. पेजवरही तसंच आहे. पोस्ट पेजच्या नावाने असते, टाकणाऱ्याच्या नावाने नाही. ताई, तो गेला की पोस्ट आपोआप जातील असं समजू नका.

रानजाई | बुधवार, सकाळी 9:15

मी वकिली करते, सायबरची प्रकरणं थोडी पाहिली आहेत. किल्ली आधी, हे बरोबर. पण पुसण्याआधी आणखी एक काम आहे. त्या पोस्ट जशा दिसतात तशा जपून ठेवा. फक्त पोस्टचं चित्र नको. ब्राउझरमधला पूर्ण पत्ता दिसेल, तारीख-वेळ दिसेल, असा स्क्रीनशॉट घ्या. पेजवर अधिकार असलेल्यांना पोस्टखाली ती कोणी प्रकाशित केली ते नाव दिसतं, तेही चित्रात येऊ द्या. त्याला काढल्यानंतर ते नाव तसंच दिसेल यावर विसंबू नका. मग `Page access` च्या यादीचंही चित्र घ्या, त्याचं नाव त्यात असतानाचं.

पुढेमागे तक्रार करायची झाली तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम 65ब खाली असायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे. स्क्रीनशॉट कोणत्या फोनवर किंवा संगणकावर घेतले ते लिहून ठेवा आणि मूळ फाइल तशीच राहू द्या. व्हॉट्सअॅपवर फिरवून परत डाउनलोड केलेली फाइल कामाला येत नाही असं नाही, पण समोरचा वकील तिच्यावरच बोट ठेवतो.

आणखी एक बारकावा. शनिवारी संध्याकाळी पोस्ट टाकली तेव्हा तो नोकरीत होता का?

आगळवाली | बुधवार, सकाळी 9:40

हो म्हणजे… दुपारी भांडण झालं, संध्याकाळी सहाला गेला. पोस्ट सव्वापाचची आहे.

रानजाई | बुधवार, सकाळी 9:58

मग सव्वापाचला त्याच्याकडे तुम्हीच दिलेली परवानगी होती. मजकूर बदनामीचा आहे का, हा वेगळा वाद. पण सोमवारी आणि मंगळवारी सकाळी त्याने आत शिरून पोस्ट परत लावल्या तेव्हा तो तुमचा कोणी नव्हता. परवानगीशिवाय प्रवेश म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 43, आणि वाईट हेतूने केलं तर कलम 66, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तेव्हा तुमच्या दृष्टीने शनिवारची पोस्ट कमी महत्त्वाची आणि सोमवारचं रीस्टोअर जास्त महत्त्वाचं.

यातली कमकुवत बाजू अशी की, 'माझे अधिकार काढले नव्हते, म्हणजे परवानगी होती' असं तो म्हणणार. म्हणून आज अधिकार काढाल तेव्हा त्याला लेखी कळवा. अमुक तारखेपासून पेज, इन्स्टाग्राम, मेल यांवर तुला प्रवेश नाही, एवढं दोन ओळींत. पण काढून झाल्यावर कळवा, आधी नाही.

मधली_सुट्टी | बुधवार, सकाळी 11:30

सगळे त्या पोराला चोर ठरवून मोकळे. मी स्वतः चार वर्षं एका कंपनीचं पेज सांभाळलंय. बारा हजारात फोटो काढा, लिहा, रात्री अकराला कमेंटला उत्तरं द्या, वर स्वतःचा मोबाइल नंबर द्या कारण कंपनी सिम देत नाही. सोडल्यावर तीन महिने गिऱ्हाइकांचे फोन माझ्या नंबरवर येत होते. ताई, 'बिनसलं' म्हणजे नेमकं काय ते सांगा. पगार थकला होता का?

आगळवाली | बुधवार, दुपारी 12:15

थकला होता. दीड महिन्याचा. पावसाळ्यात आमच्याकडे पैसा येत नाही, मे महिन्याच्या मालाचे पैसे दिवाळीपर्यंत फिरतात. हे त्याला माहीत होतं, पण त्याचीही अडचण होती. द्यायचे आहेत, नाही म्हटलेलं नाही.

मधली_सुट्टी | बुधवार, दुपारी 12:21

मग आज ते द्या आणि पेज सोड म्हणून सांगा. त्याला स्वतःहून बाहेर पडता येतं. कलमं कशाला?

खिळेठोक | बुधवार, दुपारी 1:10

पैसे द्यायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण अधिकार काढणं ही शिक्षा नाही, ते हिशेबापासून वेगळं ठेवा. 'पैसे देते, मग तू बाहेर पड' असं म्हटलं की पेज तारण पडतं आणि भाव तो ठरवतो. मी हे तीन ठिकाणी पाहिलंय. अधिकार आज काढा, पैसेही आजच द्या. दोन्ही एकमेकांना बांधू नका.

लेस्टरवरून | बुधवार, दुपारी 3:45

हे वाचून इथली एक जुनी गोष्ट आठवली. एचएमव्ही म्हणजे आपल्याकडे कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या, इथे त्याच नावाची गाण्या-सिनेमांची मोठी दुकानं होती. जानेवारी 2013 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि महिनाअखेरीस लोकांना कमी करायला बसवलं. ती बैठक चालू असतानाच कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून तिथला हाल लोकांना थेट कळायला लागला. एका ट्विटमध्ये तर असं होतं की मार्केटिंगचे साहेब 'ट्विटर बंद कसं करायचं' असं विचारतायत. कंपनीने मग ते ट्विट पुसले, तोवर स्क्रीनशॉट जगभर गेले होते. आणि खाते चालवणाऱ्या बाईंनी नंतर स्वतःच्या खात्यावरून कंपनीला जाहीर आठवण करून दिली की सेटिंग्जमध्ये जाऊन माझे अॅडमिनचे अधिकार काढायचे राहिलेत.

म्हणजे ट्विट पुसून झाले आणि किल्ली तिच्याचकडे. ती बाई सभ्य म्हणून आठवण केली, नाहीतर रात्रभर खेळ चालला असता.

आगळवाली | बुधवार, संध्याकाळी 6:20

पासवर्ड खरंच आठवत नव्हता. दीड तास त्यात गेला.

`Page access` मध्ये मी, भाऊ आणि तो मुलगा. तिघांपुढेही `Full control`. स्क्रीनशॉट घेतले आणि त्याला काढला. फार बरं वाटलं. आता त्या दोन पोस्टही काढल्या आणि रागाच्या भरात नंबर असलेल्या पाच-सहा जुन्यासुद्धा. धन्यवाद सगळ्यांना.

खिळेठोक | बुधवार, संध्याकाळी 6:41

ताई, थांबायला हवं होतं, अजून अर्धंच झालंय. बिझनेस पोर्टफोलिओ आहे का तुमचा? पूर्वी ज्याला बिझनेस मॅनेजर म्हणायचे ते. कधी जाहिरात केली असेल तर बहुतेक असणारच.

आगळवाली | गुरुवार, सकाळी 6:55

तुम्ही म्हणालात तसंच झालं. सकाळी दोन्ही पोस्ट परत. यादीत तो नाही, मी तीनदा बघितलं. मग हा येतो कुठून?

खिळेठोक | गुरुवार, सकाळी 7:30

दुसऱ्या दारातून. घाबरू नका, हे बहुतेक सगळ्यांचं होतं.

पेजवर माणूस दोन वाटांनी येतो. एक म्हणजे थेट त्याच्या फेसबुक खात्याला दिलेला अधिकार, जो तुम्ही काल काढला. दुसरी वाट पोर्टफोलिओची. त्यात पेज, जाहिरात खातं, इन्स्टाग्राम ही सगळी मालमत्ता एका ठिकाणी ठेवलेली असते आणि माणसं तिथे जोडून त्यांना मालमत्ता वाटून देतात. एका वाटेने काढलेला माणूस दुसऱ्या वाटेने तसाच राहतो. म्हणून मी नेहमी वरच्या मजल्यावरून सुरुवात करतो, आधी पोर्टफोलिओ, मग पेज. तुम्हाला काल तेच सांगणार होतो, पण तुम्ही चपळ निघालात.

`business.facebook.com/settings` उघडा. `People` मध्ये जा. तिथे कोण आहे आणि तुम्ही स्वतः आहात का ते बघा. मग `Partners` उघडा. दुसऱ्या कंपनीला अधिकार दिलेले असतील तर ते तिथे दिसतात, माणसांच्या यादीत नाही.

आगळवाली | गुरुवार, सकाळी 10:12

पोर्टफोलिओ आमच्याच नावाने आहे. त्यानेच केला होता, पण मला दोन वर्षांपूर्वी मेल आलेलं आणि मी 'अॅक्सेप्ट' केलेलं, त्यामुळे मला पूर्ण अधिकार आहेत. नशीब.

`People` मध्ये तीन जण. मी, तो, आणि तिसरं एक नाव जे मी ओळखतच नाही. मेल आयडी बघितल्यावर कळलं, तो त्याचाच आहे, दुसरा जीमेल. भाऊ यादीत नाही. `Partners` मध्ये एक कोल्हापूरची एजन्सी, जिने तीन वर्षांपूर्वी लेबलचे फोटो काढले होते. तिला अजूनही पेजवर पोस्ट टाकता येते!

खिळेठोक | गुरुवार, सकाळी 10:30

दुसरं खातं असणं म्हणजे लगेच कपट नव्हे. बरीच पोरं आपलं मूळ खातं ब्लॉक झालं तर कामाचे वांधे होऊ नयेत म्हणून एक जादा ठेवतात. मीही ठेवतो. पण आता दोन्ही काढा, एकापाठोपाठ एक, मध्ये चहाला उठू नका. मग एजन्सी काढा. नंतर परत पेजच्या `Page access` मध्ये जाऊन तिथे काही उरलंय का ते बघा.

भावाला पोर्टफोलिओत पूर्ण अधिकार देऊन ठेवा, उद्या तुमचं खातं अडकलं तर पेजला वाली हवा. फक्त नव्याने अॅडमिन केलेल्या माणसाला दुसऱ्या अॅडमिनला काढायला 7 दिवस थांबावं लागतं. म्हणून हे काम तुम्हीच करा, भावावर ढकलू नका.

जाहिरात खातं याच पोर्टफोलिओत आहे का आणि त्यावर कार्ड कोणाचं आहे, तेही बघून घ्या. तुमचं कार्ड आणि त्याचे अधिकार ही जोडी फार वाईट.

पेढेवाला | गुरुवार, सकाळी 11:04

विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. ठाण्यात मिठाईचं दुकान. आमच्या गुगल बिझनेस प्रोफाइलचा मुख्य मालक म्हणून जुन्या मॅनेजरचा आयडी आहे. त्याने दुकानाचं बोर्ड म्हणून शेजारच्या दुकानाचा फोटो लावून ठेवलाय. मी स्वतः फक्त 'मॅनेजर' आहे. मला फोटो काढता येतो, पण त्याला काढता येत नाही. काय करायचं?

खिळेठोक | गुरुवार, सकाळी 11:25

मॅनेजरला मालक काढता येत नाही. तुम्हाला मालकी मागावी लागेल. तुमच्या स्वतःच्या जीमेलने प्रोफाइलसाठी विनंती टाका. समोरच्याला उत्तर द्यायला 3 दिवस असतात. तो गप्प राहिला तर बहुधा तुम्हाला पडताळणी करून प्रोफाइल ताब्यात घेता येतं. त्याने नकार दिला तर अपील करता येतं. मालक झाल्यावरही गुगल पहिले 7 दिवस तुम्हाला बाकी मालकांना काढू देत नाही. म्हणजे तोपर्यंत फोटोवर शक्ती घालवू नका, तो परत लावेल.

पेढेवाला | गुरुवार, सकाळी 11:31

विनंती टाकली होती. त्याने नकार दिला. अपील करून नऊ दिवस झाले.

आगळवाली | गुरुवार, दुपारी 1:50

झालं. दोन्ही खाती आणि एजन्सी काढली. जाहिरात खात्यावर भावाचं कार्ड आहे, आता तिथे आम्ही दोघंच. पोस्ट आता काढू का?

खिळेठोक | गुरुवार, दुपारी 2:10

आज नाही. आज रात्र जाऊ द्या. शनिवारच्या त्या दोन पोस्ट मात्र काढा, त्या आमिष म्हणून उपयोगी पडतील. उद्या सकाळी त्या परत आल्या नाहीत तर सगळी दारं बंद झाली असं समजा. आल्याच, तर अजून एक दार आहे आणि ते शोधायचं. चाळीस पोस्ट काढून मग हे कळलं तर चाळीस परत येतात.

आणि प्लॅनर उघडून आधीच ठरवून ठेवलेल्या पोस्ट बघा. आमच्या एका ग्राहकाचा माणूस गेल्यावर अकराव्या दिवशी दुपारी बाराला त्याची पोस्ट पडली. माणूस गेला तरी लावलेली वेळ जात नाही, पोस्ट पेजची असते.

आगळवाली | शुक्रवार, सकाळी 8:05

पोस्ट परत आल्या नाहीत! आणि प्लॅनरमध्ये सहा पोस्ट होत्या, पुढच्या दोन आठवड्यांच्या. सगळ्यांत त्याचाच नंबर. त्या भांडणाच्या आधी लावलेल्या असाव्यात, मजकूर नेहमीसारखाच चांगला आहे. आता चाळीस जुन्या उडवते.

खिळेठोक | शुक्रवार, सकाळी 8:40

उडवू नका! त्या चाळीसांखाली गिऱ्हाइकांच्या कमेंट असतील. 'माल मिळाला, छान आहे' या कमेंट तुम्हाला विकत मिळणार नाहीत. मजकुरात नंबर असेल तर पोस्ट एडिट करून फक्त नंबर बदला, कमेंट जागेवर राहतात. फोटोवरच छापलेला नंबर बदलता येत नाही, तेवढ्याच पोस्ट काढा. आणि बुधवारी रागात काढलेल्या पाच-सहा `Trash` मध्ये असतील, त्या तुम्हीच परत लावा. आता तो डबा तुमच्या कामाचा आहे.

आगळवाली | शुक्रवार, दुपारी 4:30

चाळीस नाही, त्रेचाळीस निघाल्या. फोटोत नंबर फक्त अकरांत होता. बाकी बत्तीस एडिट केल्या, हात दुखले.

त्याचा मेसेज आला. 'फोटो माझे आहेत, माझ्या मोबाइलवर काढलेत, सगळे काढा.' आता हे काय?

रानजाई | शुक्रवार, संध्याकाळी 5:15

कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. मोबाइल कोणाचा यावर ते ठरत नाही. पण तो पगारी नोकर होता की कामापुरता घेतलेला, यावर मात्र ठरतं. नेमणूकपत्र दिलं होतं का?

आगळवाली | शुक्रवार, संध्याकाळी 5:22

नाही. महिन्याला चौदा हजार, रोख, वहीत सही.

रानजाई | शुक्रवार, संध्याकाळी 5:40

वही जपा. हजेरी, वेळ, कामं तुम्ही सांगत होता का, यावरून नोकरी दाखवता येते, पण तो विरुद्ध बाजू मांडू शकतो. मी इथे ठाम सांगणार नाही. फोटो तूर्त राहू द्या आणि त्याला फोनवर उत्तर देऊ नका.

मधली_सुट्टी | शुक्रवार, संध्याकाळी 6:02

माझ्या मते निदान त्याला त्याच्या कामाचे नमुने वापरू द्या. पुढची नोकरी त्यावरच मिळते.

भाऊसाहेब_पुणे | शुक्रवार, रात्री 8:15

इन्स्टाग्रामचं विसरलात सगळे. तिथे तरी पासवर्ड बदलायचाच ना?

खिळेठोक | शुक्रवार, रात्री 8:30

भाऊसाहेब, इथे तुमचंच बरोबर. तिथे एकच लॉगिन सगळे वापरतात, त्यामुळे पासवर्ड बदलल्याशिवाय इलाज नाही. पुसलेली पोस्ट तिथेही `Recently deleted` मध्ये 30 दिवस राहते, म्हणून क्रम तोच. फक्त लॉगिनचा कोड कोणाच्या फोनवर जातो ते आधी बघा.

आगळवाली | शनिवार, रात्री 9:40

कोड त्याच्या नंबरवर जात होता. मेल ऑफिसचा आहे, पासवर्ड बदलता आला, पण आत जाताना कोड लागतोच आणि मी बाहेर. दोन तास प्रयत्न केले.

शेवटी भाऊ म्हणाला, मी बोलतो. थकलेले एकवीस हजार काल संध्याकाळीच त्याच्या खात्यात टाकले होते, ते कोणी कोणाला बोललं नव्हतं. भावाने फोन लावला, त्याने उचलला. पैशांचा विषय निघाला नाही, फोटोंचाही नाही. भाऊ म्हणाला कोड आलाय का बघ, त्याने सहा आकडे सांगितले. लगेच नंबर बदलला, बाकी सगळे फोन लॉगआउट केले.

ठेवताना त्याने विचारलं, आता पेज कोण बघतं? भाऊ म्हणाला, ताईच. तर म्हणाला, फणसपोळीचे दोन रील ड्राफ्टमध्ये केले होते, ते माझ्या फोनवरच आहेत, तुम्हाला दिसणार नाहीत. हवे असतील तर पाठवतो. भावाने नंतर बोलू म्हणून फोन ठेवला. अजून काही ठरवलं नाही.